आठ मागण्या, एक हेड

हार्ड डिस्कच्या आत तबकड्या गरगर फिरत असतात आणि एका हाताच्या टोकाला बसवलेले हेड त्यांच्यावरून आत-बाहेर सरकत माहिती वाचते. एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम माहिती मागतात. हेड मात्र एका वेळी एकाच जागी पोहोचू शकते. मग आधी कोणाकडे जायचे? हा क्रम लावण्याच्या पद्धतींना डिस्क शेड्यूलिंग म्हणतात आणि त्यांची तुलना करताना हेडला एकूण किती सरकावे लागले, हे मोजतात.

समजा, डिस्कवर ० ते १९९ असे २०० सिलिंडर आहेत. सिलिंडर म्हणजे हात न हलवता सगळ्या तबकड्यांवर मिळून वाचता येणारे वर्तुळाकार पट्टे. हेड सध्या ७० वर आहे आणि रांगेत आलेल्या मागण्या अशा: ११५, २२, १६०, ६४, ७८, १९०, ४०, ८४.

सगळ्यात सरळ पद्धत म्हणजे जो आधी आला त्याला आधी. हेड ७० वरून ११५ वर जाते, तिथून मागे २२ वर, पुन्हा पुढे १६० वर. ४५, ९३, १३८ अशा लांब उड्या घेत सगळी रांग संपेपर्यंत ते ६९२ सिलिंडर सरकते. ८४ ची मागणी सुरुवातीच्या जागेपासून जेमतेम १४ सिलिंडरवर होती, पण तिचा नंबर शेवटी लागला.

मग जवळची मागणी आधी का घेऊ नये? या पद्धतीला एसएसटीएफ म्हणतात. ७० ला सगळ्यात जवळ ६४ आहे. पुढे ७८, ८४, ११५, १६०, १९० असा क्रम लागतो आणि मग हेड उलटे फिरून ४० व २२ घेते. एकूण सरकणे ३००, म्हणजे निम्म्याहून कमी. पण सुरुवातीला ६४ वरून ७८ कडे वळताना डावीकडचे ४० आणि २२ मागे राहिले आणि त्यांच्यासाठी शेवटी १९० वरून परत यावे लागले. पहिल्या पावलावर वाचवलेले अंतर असे शेवटी भरून द्यावे लागले.

तिसरी पद्धत लिफ्टसारखी चालते: एका दिशेने जाताना वाटेतल्या सगळ्या मागण्या घ्यायच्या आणि मगच वळायचे. आधी खाली जायचे ठरवले, तर हेड ६४, ४०, २२ घेते आणि तिथून वर १९० पर्यंत जाते. ४८ अधिक १६८, एकूण २१६. या रांगेसाठी याहून कमी शक्यच नाही. या पद्धतीला लुक म्हणतात. तिची थोरली बहीण स्कॅन मात्र मागणी असो-नसो, थेट ० च्या काठाला जाऊन वळते, म्हणून तिचे अंतर २६० होते. हेड आधी वर जाणार असेल, तर लुकचेही २८८ होतात. म्हणजे फक्त पद्धतीचे नाव सांगून आकडा कळत नाही, दिशाही सांगावी लागते.

आता २२ ची मागणी पाहा. ती रांगेत दुसरी होती. आधी आला तो आधी या पद्धतीत हेड १३८ सिलिंडर सरकल्यावर तिला सेवा मिळाली. एसएसटीएफमध्ये ती सगळ्यात शेवटी, ३०० वर लागली. दरम्यान १६० ते १९० च्या आसपास नव्या मागण्या येत राहिल्या असत्या, तर हेड तिकडेच घुटमळले असते आणि २२ कितीही काळ ताटकळली असती. एकूण अंतर कमी झाले म्हणून प्रत्येकाची वाट पाहणे कमी झाले असे नाही.

लुकमध्येही काठावरच्या मागण्यांचे हाल होतात. हेड नुकतेच काठावरून वळून गेले असेल, तर तिथल्या नव्या मागणीला त्याची जवळपास जाऊन-येऊन पूर्ण खेप वाट पाहावी लागते. त्यावर सी-लुकमध्ये हेड एकाच दिशेने काम करते: ७८ पासून १९० पर्यंत, मग काही न वाचता थेट २२ वर उडी आणि तिथून ४०, ६४. अंतर भरते ३३०, पण मधल्या आणि काठच्या सिलिंडरांना बरीच सारखी वागणूक मिळते.

ही उडी १६८ सिलिंडरांची असली, तरी ती १६८ छोट्या हालचालींइतकी महाग नसते. हाताला वेग घेणे, थांबणे आणि पट्ट्यावर स्थिरावणे यातच बराच वेळ जातो, म्हणून दुप्पट अंतराला दुप्पट वेळ लागत नाही. शिवाय पट्ट्यावर पोहोचल्यावर हवा तो भाग हेडखाली येण्याची वाट पाहावी लागते. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर ही वाट सरासरी सुमारे ४.२ मिलिसेकंदांची असते आणि सिलिंडर मोजणाऱ्या हिशोबात ती दिसत नाही. साटा डिस्कमधली एनसीक्यू ही सोय म्हणूनच ३२ पर्यंत मागण्या स्वतःकडे घेते आणि फिरण्याचा अंदाज धरून त्यांचा क्रम डिस्कच्या आतच लावते.

लिनक्समधला `mq-deadline` हा शेड्यूलर मागण्या जागेच्या क्रमाने लावून एका दिशेने पुढे जातो, पण प्रत्येकीला मुदतही देतो: ठरीव मांडणीत वाचण्यासाठी ५०० मिलिसेकंद आणि लिहिण्यासाठी ५ सेकंद. मुदत उलटली की क्रम मोडून ती मागणी आधी घेतली जाते. आपल्या उदाहरणातल्या २२ ला अशा मुदतीचाच आधार मिळाला असता.