क्लॅपच्या अलीकडे आणि पलीकडे

शूटिंगच्या वेळी कॅमेरा सुरू झाला की समोर एक पाटी धरली जाते. तिच्यावर दृश्याचा, शॉटचा आणि टेकचा असे तीन आकडे असतात. "चौदा, दोन, तीन" असं मोठ्यानं वाचून पाटीची वरची पट्टी खाट्‌कन आपटायची आणि चटकन बाजूला व्हायचं, हे काम बहुतेक वेळा युनिटमधल्या सगळ्यात नव्या सहायक दिग्दर्शकाकडे, म्हणजे एडीकडे असतं. ते आकडे ज्याच्यासाठी असतात तो संकलक मात्र तेव्हा सेटवर नसतोच. तो ही पाटी पाहतो नंतर, एडिटिंगच्या खोलीत.

चित्रपटात काम करायचं आहे, पण कॅमेऱ्यासमोर नाही, असं वाटणाऱ्या मुलामुलींनी या दोन कामांतलं नातं आधी समजून घ्यावं. त्यासाठी एक साधं दृश्य घेऊ. दृश्य क्रमांक 14: संध्याकाळची वेळ, एसटी स्टँडबाहेरची चहाची टपरी. मुंबईला निघालेला नातू आणि त्याला सोडायला आलेली आजी चहा पीत बोलतात. लांबी दीड पान. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो.

एडीचं काम शूटिंगच्या कितीतरी आधी सुरू होतं. तो हे दीड पान वाचून त्यातली प्रत्येक गोष्ट वेगळी काढतो: दोन नट, टपरीवाला, आठ-दहा प्रवासी, नातवाची बॅग, चहाचे ग्लास, आजीचं लुगडं, मागून जाणारी एसटी आणि तिच्यासाठी लागणारी परवानगी. याला ब्रेकडाउन म्हणतात. सगळ्या दृश्यांचं ब्रेकडाउन झालं की त्यातून शेड्यूल तयार होतं आणि शूटिंगच्या आदल्या दिवशी कॉल शीट निघते. कोणी किती वाजता, कुठे, कशासाठी यायचं, ते त्या कागदावर असतं.

आता खरी कसोटी. दिग्दर्शकाला या दृश्यात चार शॉट हवे आहेत: दोघं आणि स्टँड दिसेल असा एक लांबचा, आजीचा जवळचा, नातवाचा जवळचा आणि ग्लासावरच्या हातांचा. कॅमेरा लावणं, दिवे, तालीम आणि टेक मिळून एका शॉटला पाऊण तास धरला, तरी तीन तास होतात. संध्याकाळचा हवा तो उजेड मात्र जेमतेम तासभर टिकतो. म्हणून चीफ एडी लांबचा शॉट आधी घ्यायला लावतो, कारण मोकळं आकाश आणि एसटी त्यातच दिसणार. जवळचे शॉट टपरीच्या भिंतीकडे कॅमेरा करून अंधार पडल्यावरही दिव्यांवर घेता येतात. दृश्य कोणत्या क्रमानं दिसेल हे पटकथा सांगते, पण ते कोणत्या क्रमानं चित्रित होईल हे उजेड, माणसं आणि वेळ ठरवतात.

उलटसुलट चित्रित केल्यामुळेच एक धोका तयार होतो. लांबच्या शॉटमध्ये आजीनं "पोचलास की फोन कर" म्हणताना उजव्या हातानं ग्लास उचलला आणि दोन तासांनी, जवळच्या शॉटमध्ये, तेच वाक्य म्हणताना डाव्या हातानं, तर हे दोन तुकडे एकमेकांना जुळत नाहीत. हे सांभाळणं म्हणजे कंटिन्युइटी. त्यासाठी नेमलेला माणूस प्रत्येक टेकनंतर टिपून ठेवतो: कोणत्या शब्दावर हात उचलला, ग्लासात चहा किती होता, पदर कोणत्या खांद्यावर होता, दिग्दर्शकाला कोणता टेक आवडला. भरपूर मराठी निर्मितींमध्ये हे काम एखादा एडीच करतो, आणि डोळ्याला शिस्त लावणारं दुसरं इतकं चांगलं काम सेटवर नाही.

शूटिंग संपलं की चित्र आणि आवाज एडिटिंगच्या खोलीत पोचतात. ते बहुधा दोन वेगळ्या यंत्रांवर नोंदवलेले असतात. सहायक संकलक आधी दोन्हीच्या प्रती सुरक्षित ठेवतो. मग पाटी मिटल्याची फ्रेम शोधतो, आवाजाच्या आलेखात त्याच क्षणी उठलेलं टोक शोधतो आणि दोन्ही जुळवतो. क्लॅप नीट दिली नसेल, तर हेच काम ओठांच्या हालचालींवरून करत बसावं लागतं. मग पाटीवरचे आकडे आणि सेटवरच्या नोंदी पाहून प्रत्येक टेकला नाव दिलं जातं.

आपल्या दृश्यात चार शॉटचे पाच-पाच टेक झाले आणि प्रत्येक टेक सरासरी दीड मिनिटाचा असला, तर संकलकासमोर तीस मिनिटांचं चित्रण असतं. पडद्यावर त्यातलं जेमतेम दीड मिनिट राहणार. संकलक ते सगळं पाहतो आणि पहिला जोड लावतो. समजा इथे हाताची चूक उघडी पडली. तेव्हा तो आजीचं वाक्य नुसतं ऐकू येऊ देतो आणि त्यावेळी पडद्यावर नातवाचा चेहरा ठेवतो. चूक तर झाकलीच, शिवाय बोलणाऱ्या आजीपेक्षा ऐकणाऱ्या नातवाकडे पाहणं अधिक परिणामकारक ठरू शकतं. पण नातवाचा तो शॉट वेळेअभावी सेटवर गाळला गेला असेल, तर हा मार्गच बंद होतो. मग कच्च्या जोडावर अनेक फेऱ्या होतात आणि शेवटी चित्र 'लॉक' होतं. त्यानंतर एक सेकंद जरी कापला, तरी पुढचं ध्वनी आणि संगीताचं काम सरकवावं लागतं.

दोन्ही वाटांच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. एडी क्लॅप, गर्दी, वेशभूषेच्या नोंदी असं करत कॉल शीट सांभाळणारा आणि मग चीफ होतो. संकलनात सहायक, मग असोसिएट आणि मग स्वतंत्र संकलक. दोन्हींतून दिग्दर्शनाकडे जाता येतं. रीमा कागती 'लगान'च्या वेळी सहायक दिग्दर्शक होत्या. नागपूरचे राजकुमार हिरानी पुण्याच्या एफटीआयआयमध्ये संकलन शिकले, त्यांनी 'मिशन काश्मीर'चं संकलन केलं आणि मग 2003 मध्ये 'मुन्नाभाई एमबीबीएस' दिग्दर्शित केला. पण संकलक म्हणूनच मोठं होताही येतं: 'परिंदा'सारख्या चित्रपटांच्या रेणू सलुजा संकलक म्हणूनच ओळखल्या गेल्या.

1960 मध्ये, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झालेल्या एफटीआयआयमधल्या दिग्दर्शन आणि संकलनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना पदवी लागते, शाखा कोणतीही चालते. म्हणजे बारावीनंतर आधी पदवी घ्यायची, हा या वाटेचा सरळ भाग आहे. ओळखीतून थेट सेटवर जाणारेही पुष्कळ असतात. त्यांनी एवढं जाणून घ्यावं की हे काम चित्रपटापुरतं असतं, दिवस बारा तासांचा आणि त्याहून लांबही होतो, दोन कामांमध्ये रिकामे महिने जातात आणि पैसे उशिरा मिळू शकतात. म्हणून रक्कम आणि ती कधी मिळणार, हे सुरुवातीलाच लेखी घ्यावं.

आपला पिंड कोणता, हे तपासायला मोबाइल पुरतो. तीन मित्रांनी मिळून दीड पानाचं दृश्य लिहावं. एकानं ब्रेकडाउन आणि वेळापत्रक करून, आकडे लिहिलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरून, टाळी वाजवून, ते चार शॉटमध्ये घ्यावं आणि नोंदी ठेवाव्यात. दुसऱ्यानं अभिनय करावा. तिसऱ्यानं शूटिंगला हजर राहू नये. फक्त चित्रण आणि नोंदी हाती घेऊन त्यानं दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीवर ते जोडावं. त्याला नोंदींतलं काय कळलं नाही, कोणता शॉट कमी पडला, याची यादी करून पुढच्या वेळी जागा बदलाव्यात. उजेड जात असताना चार माणसांना हलवण्यात ज्याला मजा येते, त्यानं सेटची वाट धरावी. तेच वाक्य विसाव्यांदा ऐकतानाही ज्याला त्यात नवा फरक ऐकू येतो, त्यानं संकलनाची.