'काँग्रॅच्युलेशन्स'मधला शेवटचा 'स'

मुलीची बँकेत निवड झाल्याची बातमी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली की अभिनंदनाचा पाऊस पडतो आणि त्यात एखादं 'काँग्रॅच्युलेशन' हमखास असतं. लिहिणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. मुलगी एक, यश एक, मराठीतलं 'अभिनंदन'ही एकवचनी. मग शेवटी 'स' कशाला?

इंग्रजीत एकवचनी रूप आहे, पण ते अभिनंदन करण्याच्या क्रियेचं नाव आहे. अभिनंदनपर पत्राला 'अ लेटर ऑफ काँग्रॅच्युलेशन' म्हणतात. समोरच्याला थेट उद्देशून बोलताना मात्र 'काँग्रॅच्युलेशन्स' हेच रूप रूढ आहे. त्या 'स'चा यशाच्या संख्येशी संबंध नाही. भावना दुसऱ्यापर्यंत पोचवायची असली की इंग्रजी बहुधा अनेकवचन वापरते: थँक्स, रिगार्ड्स, ग्रीटिंग्ज, दुःखाच्या प्रसंगी कंडोलन्सेस. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. 'तुला माझ्या शुभेच्छा' असंच आपण म्हणतो. 'माझी शुभेच्छा' कुणी देत नाही.

याच मुलीला 'बेस्ट विशेस' कधी म्हणायचं? घडून गेलेल्या गोष्टीचं अभिनंदन होतं, पुढे यायच्या गोष्टीसाठी शुभेच्छा असतात. म्हणून निकालाच्या दिवशी 'काँग्रॅच्युलेशन्स ऑन युअर सिलेक्शन', आणि कामावर रुजू होताना 'बेस्ट विशेस फॉर युअर न्यू जॉब'. 'निवडीबद्दल'मधल्या 'बद्दल'मुळे आपल्याकडे पहिल्या वाक्यातही 'फॉर' येतो. तोही कानावर पडतो, पण मुरलेला प्रयोग 'ऑन'चाच.

लग्नात हा फरक एके काळी फार काटेकोरपणे पाळला जाई. इंग्रजी भाषक समाजातल्या जुन्या शिष्टाचारानुसार अभिनंदन वराचं करायचं आणि वधूला शुभेच्छा द्यायच्या. वधूचं अभिनंदन केलं, तर तिने खटपट करून नवरा मिळवला असं सुचवल्यासारखं होईल, ही त्यामागची समजूत. ती मागे पडली हे फार चांगलं झालं. आता दोघांचंही अभिनंदन होतं.

'मेनी हॅपी रिटर्न्स ऑफ द डे'मधलं अनेकवचन मात्र अगदी शब्दशः घ्यायचं. इथे 'रिटर्न' म्हणजे त्या दिवसाचं पुन्हा येणं, आणि हा आनंदाचा दिवस पुष्कळ वेळा येवो, अशी ही इच्छा आहे. पूर्वी ती सणावारांनाही व्यक्त होई, आता मुख्यतः वाढदिवसाला होते. लग्नाच्या वाढदिवसालाही ती शोभते, कारण तो दर वर्षी येतो. खुद्द लग्नाच्या दिवशी, नवदांपत्याच्या भेटपाकिटावर मात्र ती लिहू नये. तिथे 'बेस्ट विशेस' किंवा 'काँग्रॅच्युलेशन्स' योग्य.

उत्तर देतानाही प्रसंग पाहावा लागतो. नववर्षाच्या शुभेच्छांना 'सेम टू यू' चालतं, कारण नवं वर्ष दोघांचंही असतं. वाढदिवस एकाचाच असतो, तिथे 'थँक यू' म्हणावं.