धार्मिकता मोजणारी वीस विधाने

धर्माच्या मानसशास्त्रात एक प्रश्नावली अर्धशतकाहून अधिक काळ वापरात आहे. हार्वर्ड विद्यापीठातील गॉर्डन ऑलपोर्ट आणि त्यांचे सहकारी मायकेल रॉस यांनी 1967 मध्ये प्रसिद्ध केलेली ही धार्मिक अभिमुखता मापनी. तिच्यात वीस विधाने आहेत: नऊ आंतरिक धार्मिकतेची आणि अकरा बाह्य धार्मिकतेची. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत, हे उत्तर देणारा सांगतो आणि त्यावरून त्याला गुण दिले जातात. ऑलपोर्ट यांच्या मांडणीनुसार आंतरिक वृत्तीचा माणूस धर्म जगतो, तर बाह्य वृत्तीचा माणूस तो वापरतो. ही मांडणी लगेच पटते आणि लक्षातही राहते, म्हणूनच तिच्याकडे जरा सावधपणे पाहायला हवे.

या मापनीमागे एक खरी अडचण होती. अमेरिकेतील पाहण्यांमध्ये असे दिसत होते की, चर्चला जाणारे लोक सरासरीने न जाणाऱ्यांपेक्षा वांशिक बाबतीत अधिक पूर्वग्रहदूषित असतात. बंधुभाव शिकवणाऱ्या धर्माचे अनुयायीच इतरांना दूर कसे लोटतात, हा प्रश्न ऑलपोर्ट यांना छळत होता. ते स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते. आकडे बारकाईने पाहता आणखी एक गोष्ट पुढे आली. अधूनमधून चर्चला जाणाऱ्यांत पूर्वग्रह जास्त होता, पण अगदी नेमाने जाणाऱ्यांत तो कमी होता. याचा अर्थ ऑलपोर्ट यांनी असा लावला की, जाण्यामागचा हेतू निरनिराळा असावा. प्रतिष्ठेसाठी, ओळखीपाळखीसाठी किंवा मानसिक आधारासाठी जाणारे एका बाजूला, आणि श्रद्धेसाठीच जाणारे दुसऱ्या बाजूला.

ऑलपोर्ट यांनी ही दोन टोके एकाच रेषेवर कल्पिली होती. माणूस जितका आंतरिक, तितका तो कमी बाह्य असणार. पण जो फीगिन यांनी 1964 मध्येच अशा विधानांचे घटक विश्लेषण करून दाखवले होते की, येथे दोन स्वतंत्र घटक आहेत. ऑलपोर्ट आणि रॉस यांच्या स्वतःच्या पाहणीतही बरेच लोक दोन्ही प्रकारच्या विधानांना होकार देणारे निघाले. त्यांच्यासाठी ‘सरसकट धर्मानुकूल’ असा वेगळा गट करावा लागला आणि सर्वाधिक पूर्वग्रह त्याच गटात आढळला. मूळ सिद्धान्तात या गटाला जागाच नव्हती. धर्माविषयीच्या कोणत्याही विधानाला मान डोलावण्याची सवय हीच कदाचित येथे मोजली जात असावी. सवय आणि श्रद्धा यांतला हा फरक मापनीला सांगता येत नाही.

खरा गोंधळ मात्र बाह्य विधानांत आहे. चर्चमध्ये ओळखीचे लोक भेटतात म्हणून जाणे आणि दुःखात आधार मिळावा म्हणून प्रार्थना करणे, या दोन्ही गोष्टी एकाच मापात टाकलेल्या होत्या. ली किर्कपॅट्रिक यांनी 1989 मध्ये जुन्या आकडेवारीचे पुन्हा विश्लेषण केले, तेव्हा बाह्य धार्मिकतेचे दोन भाग वेगळे झाले: सामाजिक आणि वैयक्तिक. त्याच वर्षी रिचर्ड गॉर्सच आणि सुझन मॅकफर्सन यांनी चौदा विधानांची सुधारित मापनी दिली. तिच्यात आठ विधाने आंतरिक, तीन बाह्य-सामाजिक आणि तीन बाह्य-वैयक्तिक आहेत.

या वेगळेपणाने काय साधते, ते एका कल्पित उदाहरणातून दिसेल. प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण आहेत. एक विधवा स्त्री वैयक्तिक आधाराच्या तीन विधानांना 5, 4 आणि 5 गुण देते, सामाजिक विधानांना 1, 1 आणि 2. तिचे बाह्य गुण 18. एक व्यापारी आधाराच्या विधानांना 1, 2 आणि 1 गुण देतो आणि सामाजिक विधानांना 5, 5 आणि 4. त्याचेही बाह्य गुण 18. बेरजेपुरते पाहिले तर दोघे अगदी सारखे. प्रत्यक्षात एकीला एकांतात देवाचा आसरा हवा आहे आणि दुसऱ्याला गावातल्या गाठीभेटी. चिंता किंवा पूर्वग्रह यांच्याशी या 18 गुणांचा संबंध काढला, तर येणारे उत्तर नेमके कोणाविषयी आहे, हे सांगता येणार नाही. दोन आकडे वेगवेगळे ठेवले, तरच माहिती शिल्लक राहते. अर्थात यालाही मर्यादा आहे. तीनच विधानांच्या उपमापनीची अंतर्गत विश्वसनीयता कमी असते. गॉर्सच आणि मॅकफर्सन यांच्या नमुन्यात ती 0.60 च्याही खाली होती. वैयक्तिक निदानासाठी असे माप वापरणे चुकीचे ठरेल.

मूळ बाह्य विधानांतली काही तर हेतूविषयी बोलतच नाहीत. माणूस चांगला वागला म्हणजे झाले, श्रद्धा कोणती याला फारसे महत्त्व नाही, अशा आशयाचे एक विधान त्यांत आहे. आयुष्यात धर्मापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी अनेक आहेत, असे दुसरे सुचवते. अशा विधानांना होकार देणारा माणूस धर्म वापरत नसतो, तर त्याला धर्माचे तितके अगत्य नसते. सुधारित मापनीत ही विधाने उलट गुण देऊन आंतरिक भागात घेतली गेली. पण मग आंतरिक माप नेमके कशाचे, हा प्रश्न उरतोच. 1990 मध्ये किर्कपॅट्रिक आणि राल्फ हूड यांनी तो रोखठोक विचारला. हेतूचे म्हणून मांडलेले हे माप बव्हंशी बांधिलकीची तीव्रता मोजते, हा त्यांचा आक्षेप आजही खोडून काढणे कठीण आहे. धर्म न मानणाऱ्याला ही प्रश्नावली दिली, तर अडचण आणखी उघडी पडते. मित्र भेटतात म्हणून तुम्ही चर्चला जाता का, याला तो नकार देतो आणि कमी ‘बाह्य’ ठरतो. मुळात तो चर्चला जातच नाही.

संशोधकांची आणखी एक सवय अशी की, नमुन्याच्या मध्यगुणापाशी रेघ मारून लोकांचे चार गट पाडायचे. चर्चमधून निवडलेल्या नमुन्यात आंतरिक गुणांचा मध्य उंच असतो, विद्यार्थ्यांच्या नमुन्यात तो खाली येतो. म्हणजे तेच गुण मिळवणारा माणूस एका अभ्यासात ‘कमी आंतरिक’ आणि दुसऱ्यात ‘जास्त आंतरिक’ ठरतो. गुण आहेत तसेच वापरले, तर ही चूक टळते.

स्वतःविषयीच्या उत्तरांवर किती विसंबायचे, याचा धडा डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांच्या 1978 च्या प्रयोगातून मिळतो. आंतरिक धार्मिकता जास्त असलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांनी प्रश्नावलीत पूर्वग्रह कमी असल्याचे सांगितले. मात्र मुलाखत घेण्यासाठी गोरा की काळा माणूस हवा, हे प्रत्यक्ष ठरवायची वेळ आली, तेव्हा तो फरक दिसेनासा झाला. चांगले दिसण्याची इच्छा उत्तरांत मिसळली होती.

शेवटचा आक्षेप मापनीच्या जन्मस्थानाचा आहे. व्यक्तीची एकट्याने जोपासलेली श्रद्धा श्रेष्ठ आणि समाजासाठी केलेले आचरण दुय्यम, ही धारणा प्रामुख्याने प्रोटेस्टंट आहे. अॅडम कोहेन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हाच मुद्दा मांडला: ज्यू धर्मासारख्या परंपरांत समुदायात असणे हाच धार्मिकतेचा गाभा असू शकतो. वारकऱ्याचा विचार केला तर हे सहज पटते. दिंडीतल्या सोबत्यांच्या ओढीने पंढरपूरला चालत जाणाऱ्याची विठ्ठलभक्ती त्यामुळे उणी ठरत नाही; तेथे संगत हाच भक्तीचा मार्ग आहे. नवस फेडणाऱ्या माणसाचे मागणे आणि त्याची निष्ठाही एकमेकींत मिसळलेली असतात. प्रश्नावलीत ‘चर्च’च्या जागी ‘मंदिर’ लिहिल्याने हा पेच सुटत नाही, कारण दर आठवड्याला एकत्र उपासनेस जाण्याचा नेमच हिंदू आचारात सार्वत्रिक नाही. त्या समाजातल्या लोकांशी बोलून विधाने नव्याने रचावी लागतात आणि तेथेही घटक तसेच निघतात का, हे आधी तपासावे लागते.

तेव्हा ही मापनी टाकून देण्याचे कारण नाही, पण तिचा दावा आवरता घ्यायला हवा. अमेरिकी प्रोटेस्टंट नमुन्यात, तीन गुण वेगवेगळे ठेवून आणि प्रत्यक्ष वर्तनाची जोड देऊन ती उपयोगी पडते. कोणाची श्रद्धा खरी आणि कोणाची मतलबी, हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही.