शॉवर सुरू केला, पाणी मात्र नळालाच

मिक्सरचे बटण ओढावे, शॉवरमधून दोन क्षण पाणी यावे आणि ‘टक्’ आवाज होऊन पुन्हा सगळे पाणी खालच्या नळाला जावे, असे होऊ लागले की नवा मिक्सर घ्यायचा सल्ला लगेच मिळतो. त्याआधी एक बोट लावून पाहा.

बटण ओढले की आतली दांडी पुढे सरकते आणि तिच्या टोकाची रबरी चकती नळाकडची वाट बंद करते. बऱ्याच मिक्सरमध्ये ही चकती जागेवर धरून ठेवते ते पाण्याचे दाबच. पाणी बंद झाले की स्प्रिंग तिला मागे ढकलते. ही सोय मुद्दाम केलेली असते, पुढच्या माणसाने नळ उघडल्यावर डोक्यावर गार पाणी पडू नये म्हणून.

आता बटण ओढून बोटाने धरून ठेवा. धरल्यावर पाणी पूर्ण शॉवरला जाते आणि सोडताच बटण मागे येते, तर रबर शाबूत आहे. दाब कमी पडतोय किंवा क्षारांमुळे दांडी अडकतेय. धरूनही नळातून धार चालूच राहिली, तर रबर झिजले आहे किंवा चकतीखाली कचरा अडकला आहे.

दाबाचे गणित सोपे आहे. सात मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीतले पाणी सातव्या मजल्यावरच्या मिक्सरच्या जेमतेम 4 मीटर वर असते. दुसऱ्या मजल्यावर तेच अंतर 19 मीटरच्या आसपास भरते. दर 10 मीटरला साधारण 1 बार दाब मिळतो. म्हणून एकच मिक्सर खाली उत्तम चालतो आणि वर बटण टिकत नाही. तेव्हा वरच्या मजल्यावर आधी अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का, जाळी तुंबली आहे का, हे पाहावे. अचानक सुरू झालेला बिघाड बहुधा इथेच सापडतो.

दांडी अडकत असेल तर गीझर बंद करून गरम-गार दोन्ही कॉक बंद करावेत, नळ उघडून उरलेले पाणी काढावे. बटणाखालचा बारीक स्क्रू अॅलन कीने सोडवून आतला भाग पान्याने बाहेर काढावा. बोअरचे पाणी असेल तर त्यावर पांढरा थर दिसेल. अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून जुन्या टूथब्रशने घासला की तो निघतो. ओ-रिंग चपटी किंवा चिरलेली असेल तर तीच दुकानात नेऊन त्याच मापाची घ्यावी. बसवताना सिलिकॉन ग्रीस लावावे. खोबरेल किंवा इंजिन ऑइल नको, काही रबरे तेलाने फुगतात. पितळेवर खोल ओरखडे असतील तर रिंग बदलून भागत नाही, तो आतला भागच नवा लागतो.

हे सगळे करूनही सातव्या मजल्यावर बटण सुटत असेल, तर फिरवून अडकवायचा डायव्हर्टर बसवावा. तो पाण्याच्या भरवशावर राहत नाही. शॉवरची धार मात्र त्याने वाढणार नाही. त्यासाठी प्रेशर पंपच लागेल, आणि तो घेण्याआधी आपल्या गीझरवर किती बार लिहिले आहे ते वाचावे.