लग्नाचा वाढदिवस त्यांचा, पोस्ट मुलांची

आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलं हमखास जुनी लग्नपत्रिका टाकतात. पिवळी पडलेली, कोपऱ्यात गणपती असलेली पत्रिका दिसते छान, पण तिच्यात वधूचं माहेरचं आडनाव, दोन्हीकडच्या वडिलांची नावं, गाव आणि तारीख असं सगळंच असतं. आईचं माहेरचं आडनाव हा ओळख पटवण्यासाठी विचारला जाणारा जुना प्रश्न आहे आणि लग्नाची तारीख तर अनेक घरांत पिन म्हणूनच वापरतात. म्हणून पत्रिका घरच्या ग्रुपवरच ठेवावी.

पोस्टमध्ये मग काय लिहायचं? एकच प्रसंग, तोही दोघांना विचारून आणि शक्यतो वेगवेगळं विचारून. एकत्र विचारलं की एक जण हसून ‘टाक की’ म्हणतो आणि दुसरा गप्प बसतो. त्या गप्प बसण्याला होकार समजू नये. आजारपण, कर्ज, सासरचा जाच हे विषय कितीही हृद्य वाटले तरी ते सांगायचे की नाही, हे त्यांनीच ठरवावं.

समजा, पहिला मसुदा असा आहे: अमक्या गावी, अमक्या तारखेला लग्न, अमक्या बँकेतून बाबा निवृत्त, आज दोघं केरळला. आदर भरपूर, गोष्ट मात्र नाही. शिवाय घर बंद असल्याची जाहीर वर्दी. त्याऐवजी असं लिहिता येईल:

‘लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आईचं मोहन जास्त झालं आणि चकल्या तेलात विरघळल्या. आई रडकुंडीला आली. बाबांनी तो चुरा निथळून दह्यात कालवला आणि वाटीभर खाल्ला. तेव्हापासून मोहन बाबाच मोजतात.’

यात नाव, गाव, साल काहीच नाही, तरी माणसं डोळ्यांसमोर उभी राहतात. पोस्ट दोन-चार दिवस उशिरा टाकली तर नेमकी तारीखही झाकली जाते.

फोटो निवडताना चेहऱ्यांमागे बघावं. दारावरची पाटी, गाडीचा नंबर, टेबलावरचं वीजबिल किंवा शेजारचं लहान मूल दिसत असेल, तर कापून घ्यावं. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाचीही नोंद असू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते आणि नोंदही तिच्याबरोबर जाते. फोटोखालची ओळ गोष्टीलाच जोडलेली असावी: ‘आई-बाबा. चकलीची सोऱ्या आईच्या हातात, मोहनाची वाटी बाबांच्या.’ ‘डावीकडून सौ. अमुक, श्री. तमुक’ हे स्मरणिकेत शोभतं.

फेसबुकवर ‘फ्रेंड्स’पुरती ठेवलेली पोस्टही आईला टॅग केल्यावर साधारणपणे तिच्या यादीतल्यांना दिसू लागते. त्या यादीत कोण कोण आहे, हे बहुतेक वेळा तिलाही आठवत नसतं.