पाडव्याची साडी

पाडव्याला बायकोने ओवाळलं की तबकात रेशमी साडी ठेवायची, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. निवृत्तीनंतर कपाट आवरताना त्या सगळ्या साड्या हाती आल्या. एकीलाही फॉल लावलेला नव्हता. ब्लाउजपीसही कापलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहून रेशीम त्या रेषेवर विरलं होतं.

“तुला या आवडल्याच नाहीत?”

“रेशीम मला टोचतं, उकडतं हो. रोज सुतीच नेसते ना मी?”

“मग बोलली का नाहीस?”

“पहिली साडी तुम्ही पगारातून पैसे बाजूला टाकून आणलीत. मी छान म्हणाले. पुढच्या वर्षी खरं कसं सांगणार?”

गाठ इथेच बसली, असं मला वाटतं. तिचं कौतुक त्यांच्या ओढाताणीचं होतं, त्यांनी ते साडीचं समजलं. आणि दर वर्षी खरं सांगणं आणखी अवघड होत गेलं.

त्या पाडव्याला दोघं मिळून दुकानात गेले. तिने मऊ सुती साडी निवडली. जुन्यांपैकी धड होत्या त्या लेकीने नेल्या. विरलेल्यांचा चांगला भाग काढून नातीला परकर-पोलकं शिवलं.