नफा आहे, मग हप्त्याला पैसे का नाहीत?

मार्चअखेरचे हिशेब हातात आले की छोटा व्यावसायिक आधी निव्वळ नफ्याचा आकडा बघतो. कर्ज असेल तर तेवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. कर्जाचे व्याज नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दिसते, पण हप्त्यातले मुद्दल तिथे कुठेच नसते. ते नफ्यातूनच द्यायचे असते.

हप्ते झेपतात का, हे पाहण्यासाठी बँका एक गुणोत्तर काढतात. त्याला डीएससीआर, म्हणजे डेट सर्व्हिस कव्हरेज रेशो म्हणतात. वर्षभरात हप्त्यांसाठी किती पैसा उपलब्ध होता आणि हप्त्यांना किती लागला, या दोन आकड्यांचा तो भागाकार असतो. हे गणित घरी, वहीवरही करता येते.

समजा, तालुक्याच्या गावात एकाच्या मालकीचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. निव्वळ नफा ६,४०,००० रुपये. त्यात आधी घसारा मिळवायचा, तो २,१०,०००. यंत्र जुने झाले म्हणून हा खर्च कागदावर दाखवला, पण त्यापोटी गल्ल्यातून रुपयाही गेलेला नाही. मग मुदत कर्जाचे व्याज १,८०,००० मिळवायचे. नफा काढताना ते वजा झालेले असते आणि भागाकारात ते खालच्या आकड्यात येणारच आहे, म्हणून वर परत घ्यायचे. कॅश क्रेडिटचे व्याज मात्र मिळवायचे नाही, तो रोजच्या धंद्याचा खर्च आहे. बेरीज झाली १०,३०,०००.

आता खालचा आकडा. ताळेबंदात मुदत कर्जाची बाकी गेल्या मार्चला १६,६०,००० होती, या मार्चला १३,००,००० आहे. म्हणजे ३,६०,००० मुद्दल फिटले. (वर्षात नवे कर्ज उचलले असेल तर ही वजाबाकी फसवते, तेव्हा बँकेचा कर्जखात्याचा उतारा घ्यावा.) व्याज धरून वर्षाचे हप्ते ५,४०,०००. भागाकार १.९१. गुणोत्तर १ म्हणजे सगळा पैसा हप्त्यात गेला, जवळ काही उरले नाही. बँकांना साधारण १.२५च्या वर, शक्यतो दीडच्या आसपास हवे असते. त्या मानाने १.९१ उत्तमच.

पण घर कशावर चालले? मालकीच्या धंद्यात मालकाला पगार नसतो. किराणा, मुलांची फी, दवाखाना यांसाठी तो उचल घेतो. ही उचल नफा-तोटा पत्रकात सापडत नाही, भांडवल खात्यातून वजा होते. इथे ती महिना ३०,००० प्रमाणे ३,६०,००० आहे. ती काढली की हाती उरतात ६,७०,००० आणि गुणोत्तर येते १.२४. आयकर भरावा लागला असेल तर तोही असाच वजा करायचा. माझ्या मते छोट्या धंद्याचा खरा आकडा हाच. उचल न धरता काढलेले गुणोत्तर बघून कर्ज घेणारा माणूस स्वतःच्या घरखर्चावर कर्ज घेत असतो.

आणखी एक तपासणी हवी. ताळेबंदात गिऱ्हाइकांकडून येणे असलेली उधारी गेल्या वर्षीपेक्षा दीड लाखाने वाढली असेल, तर तेवढा नफा अजून खात्यात आलेलाच नाही. तो वगळला तर राहतात ५,२०,००० आणि गुणोत्तर ०.९६. म्हणजे वर्षभरात २०,००० कमी पडले. ते बहुधा कॅश क्रेडिटमधून किंवा माल देणाऱ्याचे पैसे थकवून भागवलेले असतात. कॅश क्रेडिटची बाकी वर्षानुवर्षे मर्यादेला टेकलेली दिसली की हाच संशय घ्यावा.

ही उधारी वसूल होईल असे धरून १.२४ वर परत येऊ. मालकाला पत्रा कापण्याचे प्लाझ्मा यंत्र घ्यायचे आहे. सहा लाखांचे कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. हप्ता सुमारे १३,०००. वर्षाचे हप्ते ६,९६,००० होतील. आज कटिंग बाहेरून करून घेण्यात महिन्याला १८,००० जातात. यंत्र आल्यावर वीज, नोझल वगैरेला ५,००० लागतील. वाचले १३,०००. यंत्र स्वतःचा हप्ता स्वतः फेडते, म्हणून मालक खूश. पण गुणोत्तर १.२४ वरून १.१९ वर उतरते. हप्त्यांचा बोजा वाढला आणि त्यांच्यावरची शिल्लक होती तेवढीच राहिली. पावसाळ्यात शेडची आणि गेटची कामे मंदावतात, तेव्हा हीच शिल्लक उपयोगी पडते.

१.२५ गाठायला वर्षाला आणखी ४४,००० हवेत, म्हणजे महिन्याला सुमारे ३,७००. तेही खर्च जाऊन. इतरांचे कटिंगचे काम घेऊन ते मिळू शकतात. तेवढे काम खरेच आहे का, हे कर्जाचा अर्ज भरण्याआधी आसपासच्या वर्कशॉपांत जाऊन विचारता येते.